हिलालभाऊचा जोड हॉर्न

हिलालभाऊला आमच्या फैजपुरात न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. केळी कापणाऱ्या टोळीचा तो मुकादम. मूळचा साक्रीकडचा. तिकडच्या कोरडवाहू शेतात पोट भरेना, म्हणून बायकोला घेऊन इकडे आला आणि इथलाच झाला. पण बोली मात्र त्याने सोडली नाही. आमची इकडची बोली वेगळी, त्याची वेगळी. माझ्याशी बोलताना सुरुवात करायचा शुद्ध मराठीत आणि दुसऱ्या वाक्याला घसरायचा आपल्या खानदेशीत. माणूस सरळ, आवाज हळू. टोळीच्या मुकादमाला असा आवाज असून कसं चालतं, देव जाणे. पण चालायचं.

मी चुडामण. यावल रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. मी तोंडाचा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक चुकलं की मी बोलतो. पण या गोष्टीत चुकलो तो मीही, आणि मला बोलणारं कोणी नव्हतं. म्हणून आज मीच सांगतो.

हिलालभाऊला मूलबाळ नव्हतं. बायको वच्छलाबाई आणि एक काळी मोटारसायकल, एवढाच त्याचा संसार. सकाळी तो तिला मागे बसवून मळ्यावर सोडायचा. ती केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, काढायला, निंदायला बायांच्या टोळीत असायची. मग हा दिवसभर कापणीच्या मागे फिरायचा आणि ऊन उतरलं की तिला घ्यायला यायचा. आता, केळीचा मळा ज्याने आतून पाहिलाय त्यालाच कळेल. पाच हातांवरचं माणूस दिसत नाही. पानंच पानं. म्हणून हा बांधावर गाडी लावून हॉर्न वाजवायचा. दोन बारीक, एक लांब. की आतून वच्छलाबाई खुरपं घेऊन बाहेर. बाकीच्या बाया तिला चिडवायच्या, "जा गं बाई, तुझा पोंगा वाजला!" तीही काही कमी नव्हती. एकदा मला म्हणाली होती, "चुडामणभाऊ, हाऊ माणूस घरमा तोंड उघडस नही. जे काय बोलस ते त्या हॉर्नमाच." मी किती हसलो होतो तेव्हा!

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वच्छलाबाईला खोकला धरला. जळगावच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, टीबी निघाला. गोळ्या दिल्या आणि दोन महिने रोज एक सुई लिहून दिली. गावातला एक जण घरी येऊन सुई टोचायचा. हिलालभाऊ तेव्हा अर्धा झाला होता. पण सुईने बाईला गुण आला. खोकला थांबला, जेवण जाऊ लागलं, गालावर मांस दिसू लागलं. घरी बस म्हटलं तर ऐकेना, परत मळ्यावर जायला लागली. हिलालभाऊ दुकानावर येऊन सांगायचा, "सुई लागू पडनी, चुडामणभाऊ." दोन महिने संपले तरी याने सुई थांबवली नाही. जिने बायको परत दिली ती थांबवायची कशी? टोचणाऱ्यालाही काय, तो टोचत राहिला. डॉक्टरला विचारायला जळगावला परत कोणी गेलंच नाही.

आषाढात तो पहिल्यांदा हॉर्नची तक्रार घेऊन आला.

"हॉर्न कमी वाजस," म्हणाला.

मी वाजवून पाहिला. चांगला वाजला. मीटर लावलं, बॅटरी बारा व्होल्टच्या वर. तरी त्याचं समाधान म्हणून हॉर्नच्या मागचा स्क्रू पाव फेरा फिरवला, आवाज थोडा मोकळा केला. "जा," म्हटलं, "आता म्हशी उधळतील."

आठवड्याने पुन्हा आला. "शेतमा ऐकू जास नही."

"अरे, हॉर्न ठणठणीत आहे बाबा! तुझंच डोकं तपासायला पाहिजे."

त्याने पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. मग म्हणाला, "वच्छला बाहेर येत नाही. तीन-तीन वेळा वाजवावा लागतो. पानं दाट झालीत यंदा. मोठा हॉर्न बसव."

पानं दाट झाली म्हणे. मला तेव्हा काही वाटलं नाही. गिऱ्हाइकाला मोठा हॉर्न पाहिजे, मी मोठा हॉर्न देतो. मोटारीचा जोड हॉर्न काढला. एक जाड आवाजाचा, एक बारीक आवाजाचा. दोन्ही मिळून वाजले की ट्रकवाला बाजू देतो.

आणि इथे माझी पहिली चूक झाली. मोटारसायकलचं कंपनीचं बटण हे एका लहान हॉर्नपुरतं असतं. दोन-अडीच अँपियरचा खेळ. जोड हॉर्न ओढतो आठ-दहा. तो थेट त्या बटणावर घातला तर बटणाचे पॉइंट जळणार, हे मला झोपेतही माहीत. मध्ये रिले घालावाच लागतो, म्हणजे जड करंट बटणातून न जाता त्या डबीतून जातो. पण रिले संपले होते, जळगावहून माल यायचा होता. मी म्हटलं, "परवा ये, नीट बसवून देतो." तर हा माणूस ऐकेना. "आजच लाव, आज तिले घ्यायले जानं शे." मीही कंटाळलो आणि कंपनीच्या तारांवर थेट जोडून दिलं. बजावलं, "चार दिवसांत रिले लावून जा, नाहीतर बटण जाईल, मग माझ्या नावाने बोंब मारू नको." तो मान हलवून गेला. चार दिवसांनी काही आला नाही.

आला तो पंधरा दिवसांनी, गाडी ढकलत नाही पण तोंड तसंच करून. बटण जळलं होतं. कसं, ते त्याने सांगितलं. मळ्याच्या बांधावर त्याने नेहमीसारखे दोन बारीक वाजवले आणि लांब वाजवायला बटण दाबून धरलं. अंगठा उचलला तरी हॉर्न थांबेना. पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते. हा गडबडला, बटण उपटायला लागला, आणि हॉर्न आपला कोकलतोय. शेवटी किल्ली फिरवली तेव्हा थांबला.

"बठ्ठ्या बाया पळत उन्यात," तो म्हणाला. "त्यांले वाटनं अपघात व्हयना."

मला हसू आवरेना. "आणि वहिनी? वहिनींनी तर चांगल्या शिव्या घातल्या असतील!"

तो हँडलकडे बघत होता. "ती नाही आली," म्हणाला. "ती लांबच्या ओळीत होती. तिला कमी ऐकू गेलं. म्हणून तर म्हणतो, अजून आवाज वाढव."

आता सांगा. साऱ्या मळ्यातल्या बाया धावत येतात आणि एक येत नाही. शेंबड्या पोराला कळलं असतं. मलाही कळलं. खोटं कशाला बोलू? आत कुठेतरी लागलंच. पण समोर जळलेलं बटण होतं, चूक माझी होती, आणि मला तिचीच लाज वाटत होती. मी बटणाचं बोललो आणि कानाचं सोडून दिलं. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर! एरवी कोणाला सोडतो का मी? वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी चार घरांना ऐकू जाईल असं बोलतो. आणि त्या दिवशी माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे.

मी बटण खोललं. पॉइंट चिकटले होते, पण पत्रा अजून सरळ होता. चाकूने सोडवले, बारीक कानशीने घासून चकचकीत केले. म्हटलं, "कंपनीचं बटण वाचलं तुझं. आता याच्यावर ओझं टाकायचं नाही."

रिले आले होते. मी त्याला सगळं दाखवत बसवलं, कारण त्याला ते समजून घ्यायचं होतं. आधी जुन्या हॉर्नला येणाऱ्या कंपनीच्या दोन तारा काढल्या आणि रिलेच्या कॉइलच्या दोन पिनांना जोडल्या. बटण दाबलं की आता फक्त ही कॉइल जागी होणार. तिला अँपियरचा पाचवा हिस्साही लागत नाही, बटणाला ते कळतसुद्धा नाही. मग बॅटरीच्या प्लसपासून नवी जाड तार घेतली. बॅटरीच्या अगदी जवळ पंधरा अँपियरचा फ्यूज टाकला, की तार कुठे घासली तरी गाडी पेटू नये. ती तार रिलेच्या तिसऱ्या पिनेला, चौथ्या पिनेतून दोन्ही हॉर्नला. हॉर्नची दुसरी बाजू रंग खरवडून फ्रेमला अर्थिंग. रिले सीटखाली बसवला, पिना खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही.

"बघ," मी म्हटलं, "तुझा अंगठा रिलेला सांगणार आणि रिले हॉर्नला करंट देणार. बटणाने नुसता निरोप द्यायचा."

"आवाज वाढेल का पण?"

"वाढेल म्हणजे? आतापर्यंत त्या बारीक तारांतून आणि बटणातून करंट जाता जाता निम्मा दम तिथेच जात होता. आता बॅटरीपासून सरळ. पुरे बारा व्होल्ट पोचतील. हॉर्न आज पहिल्यांदा खुलणार."

हे मी बोललो ते खरंच होतं. पण त्याचं तोंड असं उजळलं की मला आज आठवलं तरी नको वाटतं. त्याला वाटलं, दोष तारेतच होता.

किल्ली फिरवली, गाडी चालू केली आणि त्याने बटण दाबलं. सीटखाली टिक झालं आणि हॉर्न असा फुटला की समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक साबण लावलेलं तसंच बाहेर आलं. न्हाव्याने मला जी शिवी घातली ती इथे सांगत नाही. हिलालभाऊ हसला. त्याला हसताना मी त्या वर्षात तेवढंच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. मी त्याला पाहूनच ओरडलो, "आता काय? तोफ बसवू का?"

तो म्हणाला, "एकदा मळ्यावर चल. तू स्वतः ऐक. काही राहिलं असेल."

राहिलं काहीच नव्हतं. पण मी दुकान तसंच उघडं टाकून त्याच्या मागे बसलो. भाद्रपद लागला होता. ऊन कलतं होतं, बांधावर चिखल. त्याने इंजिन चालू ठेवूनच हॉर्न वाजवला. दोन बारीक, एक लांब. बगळे उडाले. दोन बाया कान झाकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुकादम, बहिरं करता का आम्हाला!"

वच्छलाबाई काही आली नाही.

पुन्हा वाजवला. मग त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढून सवयीने खिशात टाकली आणि आम्ही बांधावरून चार ओळी पुढे गेलो. ती तिथेच होती. लांब नव्हतीच. दहा-बारा पावलांवर, पाठमोरी, खाली वाकून पिलं काढत होती. चालताना एका झाडाला हात लावून तोल सावरत होती. हिलालभाऊ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला तेव्हा ती दचकली. मग मला पाहून पदर सावरून हसली. जोरात बोलली, नको इतक्या जोरात, "चुडामणभाऊ, तुम्ही कशे काय इकडे?"

आम्ही तिघं गाडीपाशी आलो. समोर लावलेली ती दोन चकचकीत भोंगी तिने पाहिली.

"नवा लाया का? वाजाडी दखाड ना!"

वाजवून दाखवायला हिलालभाऊने तिच्याकडे बघत बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला. किल्ली त्याच्या खिशात होती. किल्लीशिवाय त्या बटणाला करंट नाही, रिलेला निरोप नाही. सीटखाली टिकसुद्धा झालं नाही. काही वाजलं नाही.

वच्छलाबाई त्याच्या अंगठ्याकडे पाहत होती. अंगठा उठला तशी ती मान डोलवून म्हणाली, "भारी वाजस हो! गावपर्यंत जाई."

मी हिलालभाऊकडे पाहिलं. त्याने एक हात खिशाकडे नेला, किल्ली चाचपली आणि हात तिथेच राहिला. मग त्याने माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, काही नव्हतं. हळूच म्हणाला, "कमी पडस ना, चुडामणभाऊ?"

मी फटकळ माणूस. मला एवढंच बोलता आलं, "हो. कमी पडतो."

ती बिचारी एकदा त्याच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे पाहत होती. आपण चुकीचं काहीतरी बोललो हे तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. दोन महिने तिने हे असंच निभावून नेलं होतं. नवऱ्याने बायको परत मिळवली म्हणून तो खूश, त्याच्या खुशीत आपल्या कानांचं कशाला घालायचं, असं तिला वाटलं असेल. तो हॉर्नला नावं ठेवत होता आणि ती ठेवू देत होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला जळगावला नेलं. मी बरोबर गेलो, कारण हिलालभाऊला एकट्याला बोलता येईना. डॉक्टरने सुई अजून चालू आहे हे ऐकलं आणि हातातला कागद खाली ठेवला. "दोन महिने लिहिली होती ना?" म्हणाला. मग विचारलं, "कानात आवाज येतो का? चक्कर येते का?" मी ते तिला कागदावर लिहून दाखवायला निघालो, तर तिला वाचता येत नव्हतं. हातवारे करून विचारलं. ती हो म्हणाली. कधीपासूनचं म्हणाली.

डॉक्टर म्हणाला, "या सुईने कोणाकोणाचे कान जातात. सुरुवातीला कळलं की लगेच थांबवायची असते. ऐकू कमी येतंय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

हिलालभाऊने विचार केला. "आषाढमा," म्हणाला. "हॉर्न कमी वाजायला लागला तेव्हा."

डॉक्टरला काही समजेना. कोणता हॉर्न? मग मला ते सांगावं लागलं. पहिल्यांदा स्क्रू फिरवला तो आठवडा, जोड हॉर्न लावला तो दिवस, बटण जळलं तो दिवस, रिले लावला तो दिवस. मी माझ्याच तोंडाने एकेक तारीख देत गेलो आणि डॉक्टर लिहीत गेला. दुसऱ्या कोणाजवळ त्या कानांची तारीख नव्हती, माझ्याजवळ होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "त्या पहिल्या आठवड्यात आला असतात तर सुई बंद केली असती. बरंचसं वाचलं असतं. आता गेलेलं परत येत नाही."

कानाच्या मशीनचा काही उपयोग होईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आवाज मोठा करून काही होणार नाही, आतली ऐकणारी जागाच मेली आहे. मी आणि हिलालभाऊने दोन महिने तेच तर केलं होतं. आवाज मोठा.

परत येताना वच्छलाबाई एसटीच्या खिडकीशी बसली होती. हिलालभाऊ तिच्या शेजारी, मी मागे.

पुढच्या बाजारच्या दिवशी तो दुकानावर आला. "काढ," म्हणाला. मी पाना घेतला. भोंगी काढली, जाड तार काढली, फ्यूज काढला, सीटखालून रिले सोडवला. कंपनीच्या त्या दोन तारा जुन्या लहान हॉर्नला परत जोडल्या. किल्ली फिरवून त्याने अंगठा दाबला. पिप. जसाच्या तसा, आषाढातला.

"बटन वाचनं," तो म्हणाला.

मला तेव्हा रडू आलं, सांगायला लाज कसली. कानशी पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने माझी समजूत काढायची, हे तरी बघा!

या सगळ्याला आता पंचवीस-तीस वर्षं झाली. हिलालभाऊ म्हातारा झाला, ती गाडी कधीच विकली गेली. पण विकेपर्यंत त्या बटणाने कधी तक्रार केली नाही. मी बसवलेला एकही जोड हॉर्न त्यानंतर रिलेशिवाय गेला नाही. आणि कोणी हॉर्न कमी वाजतो म्हणून आलं की मी आधी विचारतो, कोणाला कमी ऐकू येतो? लोक हसतात. हसू देत.

त्या दिवसापासून मळ्यावर हॉर्न वाजला नाही. हिलालभाऊ बांधावर गाडी लावायचा आणि आत शिरायचा. ओळीमागून ओळ, पानं बाजूला सारत, वच्छलाबाई दिसेपर्यंत. मी दोनदा पाहिलंय. तिच्या पुढून यायला जागा नसली की मागून हलकेच खांद्यावर हात ठेवायचा. किती हलका ठेवला तरी ती दर वेळी दचकायची.